रोडमॅप प्राधान्यक्रम बैठकीची नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिमाहीच्या तोंडावर प्रॉडक्ट टीम बसते, कामांना गुण देते, काही कामं घेते, काही पुढे ढकलते. त्या बैठकीनंतर जो कागद उरतो त्याबद्दल सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय: दूध संकलन केंद्रांना विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची जुलै ते सप्टेंबर तिमाही. टीममध्ये चार डेव्हलपर, ग्राहक म्हणून सुमारे ४०० केंद्रं. आकडे नमुन्याचे आहेत, हिशेब पडताळता यावा म्हणून सोपे ठेवलेत. ज्यांनी संकलन केंद्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, दूध तपासणारं ॲनालायझर यंत्र फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, दाखवतं, त्यावरून दरपत्रकातला दर लागतो आणि बऱ्याच ठिकाणी दर दहा दिवसांनी बिल निघतं.

१. ही नोंद म्हणजे बैठकीचे मिनिट्सच ना?

नाही. मिनिट्समध्ये कोण काय म्हणालं ते असतं. या नोंदीचं काम वेगळं आहे. तीन महिन्यांनी बैठकीला नसलेला कुणी ती उघडतो आणि विचारतो, "हे काम का घेतलं आणि ते का नाही घेतलं?" त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळालं पाहिजे.

त्यासाठी नोंदीत पाच गोष्टी लागतात: हातात किती माणसांचा किती वेळ होता, गुण कोणत्या निकषांवर दिले, कामांची क्रमवारी काय लागली, कोणती कामं कोणत्या कारणाने पुढे ढकलली, आणि कुठे गुणांच्या विरोधात जाऊन निर्णय घेतला. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक नोंदींत नसतात आणि नेमकं त्यांच्याबद्दलच नंतर विचारलं जातं. एवढं सगळं दोन पानांत बसतं.

२. रोडमॅप सगळ्यांना दिसतोच. मग वेगळी नोंद कशाला?

रोडमॅपवर फक्त निवडलेली कामं दिसतात. न निवडलेल्यांचा तिथे मागमूस नसतो. ऑगस्टमध्ये विक्रीवाला विचारतो, "केंद्रांच्या मालकांसाठीच्या डॅशबोर्डचं काय झालं?" तेव्हा रोडमॅप गप्प असतो. मग ज्याला जे आठवेल ते तो सांगतो: एक म्हणतो वेळ नव्हता, दुसरा म्हणतो कुणाला नकोच होतं. सप्टेंबरच्या बैठकीत तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

३. स्कोअरिंगची कोणती पद्धत वापरावी?

पद्धती बऱ्याच आहेत. मॉस्को पद्धत १९९४ मध्ये डाय क्लेग यांनी मांडली. तिच्यात कामं 'हवंच', 'असावं', 'असलं तर बरं' आणि 'या वेळी नाही' अशा चार खणांत टाकतात. क्रमवारीसाठी ती अपुरी पडते, कारण प्रत्येकाला आपलं काम 'हवंच'मध्ये हवं असतं. उशिराची किंमत भागिले कामाचा आकार, अशीही एक पद्धत मोठ्या कंपन्यांत चालते.

लहान टीमला राइस पद्धत झेपते. इंटरकॉम कंपनीच्या प्रॉडक्ट टीमने ती मांडली. तिच्यात चार निकष आहेत: पोहोच, परिणाम, खात्री आणि श्रम. पहिल्या तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याला श्रमाने भागायचं.

परिणामाची पट्टी ठरलेली आहे: फार मोठा ३, मोठा २, मध्यम १, थोडा ०.५, नाममात्र ०.२५. खात्री १००, ८० किंवा ५० टक्के. श्रम मॅन-मंथमध्ये, म्हणजे एका माणसाचं एका महिन्याचं काम. खात्री ५० टक्क्यांच्याही खाली वाटत असेल, तर ते काम गुण देण्याइतकं पिकलेलंच नाही असं समजावं.

४. निकष दर वेळी नोंदीत पुन्हा लिहायचे का? सगळ्यांना माहीत असतात.

नावं सगळ्यांना माहीत असतात, एककं माहीत नसतात. आमच्या उदाहरणात पोहोचीचं एकक आहे 'या तिमाहीत किती संकलन केंद्रांच्या कामात फरक पडेल'. आता उत्पादकांसाठी स्वतंत्र मोबाइल ॲप काढायची सूचना घ्या. सुचवणाऱ्याने पोहोच लिहिली ४०,०००, कारण त्याने केंद्रं न मोजता दूध घालणारे शेतकरी मोजले. परिणाम १, खात्री ५० टक्के, श्रम ५ मॅन-मंथ धरले तर स्कोअर होतो ४,०००. बाकीची कामं शे-दोनशेच्या घरात असताना हे एकटं हजारांत. केंद्रांच्या हिशेबाने पोहोच ४०० धरली की त्याच ॲपचा स्कोअर ४० वर येतो.

एखादं काम असं डोळ्यांत भरण्याइतकं वर गेलं, की ते खरंच मोठं आहे का हे नंतर बघा, आधी एकक तपासा. आणि एकक एका ओळीत नोंदीच्या माथ्यावर लिहा. पुढच्या तिमाहीत कुणी ते बदललं, तर जुने-नवे स्कोअर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हेही मग लगेच कळतं.

५. किती कामं घ्यायची हे कसं ठरवायचं?

गुण देण्याआधी हातातला वेळ मोजून. चार डेव्हलपर गुणिले तीन महिने म्हणजे १२ मॅन-मंथ, पण हा आकडा कागदावरचा. मागच्या दोन तिमाहींत ग्राहकांच्या तक्रारी, बग आणि रजा यांत प्रत्यक्ष किती वेळ गेला ते काढा आणि तेवढा आधीच वजा करा. आमच्या उदाहरणात ४ मॅन-मंथ जातात. या तिमाहीत गणपती आहेत, त्यामुळे ते कमी करायला कुणी धजावू नये. उरले ८. त्यातून सरकारी नियमामुळे करावंच लागणारं अर्ध्या मॅन-मंथचं काम बाजूला काढलं (प्रश्न १२ पाहा). राहिले साडेसात.

हा हिशेब नोंदीत क्रमवारीच्या वर यायला हवा. तो नसेल तर घेतलेल्या आणि न घेतलेल्या कामांमधली रेषा चौथ्या कामाखाली का मारली आणि सहाव्याखाली का नाही, याचं उत्तर कुठेच मिळत नाही.

६. क्रमवारी लावलेली यादी कशी दिसते? नमुना द्या.

| काम | पोहोच | परिणाम | खात्री | श्रम | स्कोअर |
|---|---|---|---|---|---|
| बिलातून पशुखाद्याची आपोआप कपात | ३०० | २ | ८०% | २ | २४० |
| दरपत्रक एक्सेलमधून भरणं | २२० | १ | १००% | १ | २२० |
| व्हॉट्सॲपवर पावती | ३५० | ०.५ | १००% | १ | १७५ |
| नेट नसताना नोंद चालू ठेवणं | १८० | ३ | ८०% | ३ | १४४ |
| मालकांचा डॅशबोर्ड | २५० | १ | ५०% | २.५ | ५० |
| नव्या ॲनालायझरची जोडणी | ४० | ३ | ५०% | १.५ | ४० |
| उत्पादकांचं ॲप | ४०० | १ | ५०% | ५ | ४० |

पहिल्या चार कामांचे श्रम मिळून ७ मॅन-मंथ होतात. हातात साडेसात आहेत. रेषा चौथ्याखाली.

उरलेल्या अर्ध्या मॅन-मंथचं काय केलं तेही लिहायचं. पाचव्या कामाला अडीच लागतात, म्हणून ते बसत नाही. 'सुरुवात तरी करून ठेवू' हा मोह इथे होतो आणि तिमाहीअखेर अर्धवट डॅशबोर्ड हातात राहतो. त्याऐवजी तो वेळ ॲनालायझरच्या तपासणीला दिला. कशासाठी, ते प्रश्न १० मध्ये आहे.

७. २४० आणि २२० मधल्या फरकाला किती महत्त्व द्यायचं?

काहीच नाही. आत गेलेले आकडे अंदाजाचे असताना बाहेर आलेला वीस गुणांचा फरक कुठून पक्का असणार? कपातीची पोहोच ३०० ऐवजी २७० धरली असती, तर स्कोअर २१६ झाला असता आणि क्रम उलटला असता. दोन्ही कामं होणारच आहेत, तेव्हा पहिलं कोण आणि दुसरं कोण यावर वेळ घालवू नये.

बघायचं ते रेषेच्या वरच्या आणि खालच्या कामांतलं अंतर. इथे रेषेवर १४४ आणि रेषेखाली ५० आहे. नेटशिवाय नोंद करण्याच्या कामाची खात्री ८० वरून ५० टक्क्यांवर आणली, तरी स्कोअर ९० येतो. श्रम ३ ऐवजी ४ धरले तर १०८. उलट डॅशबोर्डची खात्री ८० टक्के केली, तरी तो ८० पर्यंतच पोहोचतो. कोणताही एक अंदाज एका पायरीने चुकला तरी निर्णय तोच राहतो, म्हणून नोंदीत 'रेषा पक्की' एवढं लिहावं. हेच आकडे १४४ आणि १३० असते, तर 'रेषा कच्ची, चर्चेने ठरवली' असं लिहून चर्चेतला मुद्दा खाली द्यावा लागला असता.

८. एकाच कामाला दोघांनी फार वेगळे गुण दिले तर सरासरी काढायची का?

सरासरी काढलीत तर बैठकीतली सगळ्यात कामाची माहिती हातची जाईल. गुण प्रत्येकाने बैठकीआधी आपापले लिहून आणावेत, म्हणजे पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळे जात नाहीत. आणि जिथे अंतर मोठं आहे तिथेच थांबावं.

नेटशिवाय नोंद करण्याच्या कामाला एका डेव्हलपरने परिणाम १ दिला होता, सपोर्टच्या ताईंनी ३. डेव्हलपरचं म्हणणं सरळ होतं: नेट गेलं तर केंद्रचालक वहीत लिहितो आणि नंतर भरतो, अर्धा तास जास्त जातो, एवढंच. ताई म्हणाल्या, "भरतो खरा, पण कसा? संध्याकाळचं संकलन संपल्यावर शंभर-सव्वाशे आकडे एका दमात. ३.८ चं ३.३ होतं. त्या दिवशी कुणाला कळत नाही. दहाव्या दिवशी बिल निघतं, उत्पादक पावत्या घेऊन दारात उभा राहतो आणि चालक आम्हाला फोन करतो." डेव्हलपरने आपला गुण स्वतःच बदलला.

नोंदीत एवढंच आलं: "परिणाम: १ आणि ३ असे दोन गट. नंतर भरताना फॅटचे आकडे चुकतात आणि वाद बिलाच्या दिवशी निघतो, म्हणून ३." नावं लिहू नयेत. आपली चूक कायमची कागदावर राहणार असं वाटलं, की पुढच्या वेळी माणूस गुण बदलत नाही.

श्रमांचा आकडा मात्र काम करणाऱ्यांचाच घ्यावा. तिथे विक्री किंवा सपोर्टचं मत विचारू नये.

९. आमच्याकडे चौथ्या क्रमांकाचं काम पहिल्यांदा हाती घेतलं. मग स्कोअरला अर्थ काय?

काम घ्यायचं की नाही हे स्कोअर सांगतो. कधी घ्यायचं हे इतर गोष्टींवर ठरतं. पावसाळ्यात खेड्यापाड्यांतली वीज आणि नेट वरचेवर जातं, म्हणून नेटशिवाय नोंद जुलैच्या सुरुवातीला हवी. सप्टेंबरअखेर दिली तर तिचा उपयोग पुढच्या वर्षी. दुसरं कारण अवलंबनाचं असतं: व्हॉट्सॲपच्या पावतीवर कपातीची ओळ दाखवायची असेल, तर कपात आधी तयार पाहिजे.

इथे एक खोड सर्रास दिसते. काम आधी करायचं ठरलं, की कुणीतरी मागे जाऊन पोहोच वाढवतं आणि स्कोअर २५० करून टाकतं, म्हणजे यादी 'बरोबर' दिसते. ते करू नका. स्कोअर १४४ च राहू द्या आणि शेजारी लिहा: "करण्याचा क्रम १. कारण: पावसाळा." दोन-तीन तिमाहींनी अंदाज किती खरे ठरले ते तपासायला बसाल, तेव्हा ओढूनताणून आणलेले आकडे काहीच सांगणार नाहीत.

१०. पुढे ढकललेल्या कामाचं कारण कसं लिहावं? 'वेळ नव्हता' पुरतं का?

पुरत नाही. वेळ रेषेखालच्या कुठल्याच कामाला नव्हता, ते रेषेनेच सांगितलंय. हे काम रेषेखाली का राहिलं आणि ते वर यायला काय बदलावं लागेल, हे कारणात यायला हवं. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: कारण, पुन्हा उघडायची अट, आणि अट कोण कधी तपासणार. आमच्या तीन कामांची नोंद अशी:

*नव्या ॲनालायझरची जोडणी.* कारण: पुरावा अपुरा. यंत्राला सिरियल पोर्ट आहे, पण त्यातून येणाऱ्या माहितीची रचना कंपनीने दिलेली नाही, त्यामुळे दीड मॅन-मंथ हा आकडा अंधारातला. अट: एका केंद्रातलं यंत्र दोन आठवडे आणून फॅट आणि एसएनएफ नीट वाचता येतं का पाहणं. कोण, कधी: हार्डवेअर बघणारा डेव्हलपर, ऑगस्टअखेर.

*मालकांचा डॅशबोर्ड.* कारण: मागणी कुणाची हे स्पष्ट नाही. २५० हा आकडा विक्रीच्या फोनवरून आलाय. मालकांना रोज काय बघायचंय हे विचारलेलं नाही. अट: दहा मालकांशी बोलून, त्यांना रोजचा साधा मेसेज पुरतो की स्क्रीनच हवा, हे लिहून आणणं. कोण, कधी: प्रॉडक्ट मॅनेजर, १५ सप्टेंबर.

*उत्पादकांचं ॲप.* कारण: दुसऱ्या कामाच्या निकालावर अवलंबून. व्हॉट्सॲपची पावतीच कुणी उघडत नसेल, तर ॲप कोण उतरवून घेणार? अट: पावतीखालच्या दुव्यावर सलग दोन बिलांच्या काळात किमान पाचवा हिस्सा उत्पादक गेले तर. कोण, कधी: सपोर्ट, पावती सुरू झाल्यावर महिन्याभराने.

तिन्ही कारणांची जात वेगळी आहे, म्हणून तिघांचा पुढचा मार्गही वेगळा. पहिल्यात तपासणी करायची, दुसऱ्यात माणसांशी बोलायचं, तिसऱ्यात वाट बघायची. तिन्हींपुढे 'क्षमता नाही' लिहिलं असतं, तर ही कामं पुढच्या बैठकीत जशीच्या तशी, त्याच गुणांसह परत आली असती.

ॲनालायझरचंच पुढे बघा. तपासणीत माहिती नीट वाचता आली, तर खात्री ५० वरून १०० टक्के आणि स्कोअर ४० वरून ८०. म्हणजे तो डॅशबोर्डच्या पुढे जातो. अर्धा मॅन-मंथ त्याला दिला तो यासाठी. रेषेखालच्या कामांत स्वस्तात खात्री वाढवता येईल असं तेच एक होतं.

११. पुढे ढकललेलं आणि नाकारलेलं यात फरक करायलाच हवा का?

हवा. पशुखाद्याची ऑनलाइन विक्री सॉफ्टवेअरमधूनच करावी, अशी सूचना आली होती. ती नाकारली, कारण मालाची ने-आण आणि उधारी हा आपला धंदा नाही. तिला अट नाही, तारीख नाही. नोंदीत 'नाकारलं' आणि कारण एका ओळीत.

बऱ्याच टीमना 'नाही' म्हणणं जड जातं, म्हणून सगळं 'पुढे बघू'मध्ये जातं. साधी कसोटी लावा: पुन्हा उघडायची अट लिहिता येते का? येत नसेल तर ते काम नाकारलेलं आहे, तुम्ही तसं म्हणत नाही एवढंच.

१२. सरकारी नियमामुळे करावं लागणारं काम क्रमवारीत कुठे बसवायचं?

कुठेच नाही. त्याला गुण देऊ नका. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान सुरू केलं. ते थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जाणार होतं आणि त्यासाठी आधार, बँक खातं आणि जनावराच्या कानातला टॅग यांची सांगड लागत होती. अशी माहिती ठरलेल्या नमुन्यात केंद्राला काढून देता आली नाही, तर शेतकऱ्याचे पैसे अडतात. तिथे 'परिणाम २ की ३' ही चर्चाच गैरलागू.

अशी कामं 'बंधनकारक' या वेगळ्या मथळ्याखाली घ्या, त्यांचे श्रम हातातल्या वेळेतून आधी वजा करा आणि बंधन कुठून आलं ते लिहा: शासन निर्णय, करार किंवा कायदा. हा मथळा फार मोहाचा आहे. एकदा तो दिसला की प्रत्येकाचं काम बंधनकारक व्हायला लागतं. ज्याला कागद दाखवता येत नाही त्याने खाली क्रमवारीत यावं.

१३. आमच्या कंपनीचे मालक म्हणाले, डॅशबोर्ड याच तिमाहीत हवा. आता?

कंपनी त्यांची आहे, ते सांगू शकतात. नोंदीचं काम त्यांना अडवणं नाही, त्या निर्णयाची किंमत दाखवणं आहे. डॅशबोर्डला अडीच मॅन-मंथ लागतात, शिल्लक अर्धा आहे. दोन कुठून आणायचे? पशुखाद्याची कपात काढली तर बरोबर दोन मिळतात. दरपत्रक आणि व्हॉट्सॲप पावती दोन्ही काढली तरी दोन. आणि दोन्ही वाटांत ॲनालायझरची तपासणी जातेच.

हे पर्याय त्यांच्यापुढे ठेवा: "साहेब, यातलं कोणतं काढू?" ही भाषा वापरा, 'जमणार नाही' म्हणू नका. बऱ्याचदा इथेच मालक एक तिमाही थांबायला तयार होतात. नाही झाले, तर लिहा: "डॅशबोर्ड व्यवस्थापनाच्या निर्णयाने घेतला. स्कोअर ५०. त्याच्यासाठी पशुखाद्याची कपात पुढे ढकलली, स्कोअर २४०." त्यात टोमणा नको, विशेषण नको. दोन आकडे शेजारी पुरेसे आहेत. स्कोअर वाढवून घेण्याबद्दल प्रश्न ९ मध्ये जे लिहिलंय ते इथे दुप्पट लागू.

१४. बग आणि जुन्या कोडची साफसफाई यांना पोहोच किती द्यायची?

रोजचे बग यादीत येतच नाहीत. ते प्रश्न ५ मधल्या ४ मॅन-मंथमध्ये धरलेत. साफसफाईला स्वतःची पोहोच नसते, म्हणून तिला गुण द्यायला गेलात तर ती कायम तळाला जाईल. ज्या कामासाठी ती लागते त्याच्या श्रमात ती मिळवा. कपातीच्या दोन मॅन-मंथमधला जवळपास अर्धा वेळ बिलाच्या जुन्या हिशेबाची गुंतवळ सोडवायला जातो, ते नोंदीत त्याच ओळीखाली लिहिलंय. नाहीतर 'एका कपातीला दोन महिने?' हा प्रश्न येतोच.

१५. ही नोंद ग्राहकाला किंवा विक्रीच्या लोकांना दाखवावी का?

विक्रीला पूर्ण दाखवा. पुढे ढकललेल्या यादीचा खरा वाचक तोच आहे. ग्राहकाला कागद देऊ नका. आकडे पाहून तो स्वतःचं काम कितव्या नंबरावर आहे एवढंच बघतो. त्याला अट सांगा. नवा ॲनालायझर घेतलेल्या केंद्रचालकाला "विचाराधीन आहे" म्हणण्यापेक्षा "यंत्र तपासतोय, ऑगस्टअखेर होईल की नाही ते कळवतो" हे ऐकायला बरं वाटतं. कदाचित तपासणीसाठी तोच आपलं यंत्र देईल.

१६. तिमाहीच्या मध्येच परिस्थिती बदलली तर जुनी नोंद दुरुस्त करायची का?

मूळ मजकुराला हात लावू नका. खाली तारीख घालून नवी ओळ लिहा: काय बदललं, कोणतं काम आत आलं, कोणतं बाहेर गेलं. मूळ स्कोअर चुकीचा होता असं नंतर कळलं तरी तो तसाच राहू द्या. बैठकीच्या दिवशी काय माहीत होतं, ते त्यावरूनच कळतं.

मात्र कुणीतरी जोरात मागणी केली, हा बदल झाला असं धरू नये. अट पूर्ण झाली, नवा नियम आला किंवा माणूस सोडून गेला, या कारणांनीच यादी मध्ये उघडावी. डेव्हलपर सोडून गेला तर हातातला वेळ पुन्हा मोजा आणि रेषा वर सरकवा. सगळी कामं थोडी थोडी कापत बसू नका.

१७. एकच काम सलग तीन तिमाही पुढे ढकललं जातंय. काय करावं?

आधी मागच्या नोंदींत त्याचं कारण तिन्ही वेळा तेच आहे का ते पाहा. कारण बदलत गेलं असेल, म्हणजे आधी पुरावा नव्हता, मग पुरावा मिळाला, मग त्याहून मोठं काम आलं, तर ते रास्त आहे. त्याला अजून एक तिमाही द्या.

कारण तेच असेल तर अट तपासायला नेमलेल्या माणसाने ती तपासली का ते पाहा. बहुतेक वेळा तपासलेलीच नसते. डॅशबोर्डसाठी दहा मालकांना करायचे फोन सप्टेंबरमध्ये झाले नाहीत, डिसेंबरमध्येही नाहीत. दहा फोन करण्याइतकीही निकड टीमला वाटत नसेल, तर अडीच मॅन-मंथ कशाला? दुसऱ्या वेळी अट न तपासता परत आलेलं काम आम्ही नाकारलेल्या यादीत टाकतो आणि ज्याने सुचवलं त्याला तसं कळवतो. त्याला ते खरंच हवं असेल तर तो दहा मालकांची नावं घेऊन येतो, आणि मग त्या कामाला नव्याने गुण देता येतात.